वीस पवन

आमच्या घरात मार खायला मोठं कारण लागायचं नाही. कालवण खारट झालं, बर्फाचा टेम्पो बंद पडला, नाक्यावर कुणी काही बोललं, की माझा नवरा घरी येऊन माझ्यावर हात टाकायचा. सासू भिंतीला टेकून बसलेली असायची. तोंडावर मारू नको, उद्या बाजारात बायका विचारतील, एवढंच ती त्याला सांगायची. मी मुळातच कमी बोलणारी. चौथीनंतर शाळा सुटली आणि लग्नानंतर आवाजही गेला. मार खाताना मी ओरडत नसे, त्यामुळे शेजारच्यांना आमचं घर शांत वाटायचं.

धाकटी जाऊ आली तेव्हा मला वाटलं, आता घर बदलेल. ती केरळची, मीरा रोडच्या एका इस्पितळात नर्स. माझा दीर बोटीवर काम करताना दोरात पाय अडकून जखमी झाला, तेव्हा त्याची पट्टी तिनेच बदलली होती आणि तिथून त्यांचं जमलं. आम्ही जुन्या भाईंदरचे कोळी. सासूला परजातीची सून नको होती. पण मुलीचे वडील बोलणी करायला आले आणि हिंदीत म्हणाले, मुलीला आम्ही वीस पवन सोनं घालू, तेव्हा सासूचा चेहरा मऊ झाला.

पवन म्हणजे काय, हे सासूने तिथेच विचारायला हवं होतं. तिने ते आपल्या भावाला विचारलं. मामा शहाणा माणूस समजला जायचा. तो म्हणाला, त्यांच्याकडे तोळ्याला पवन म्हणतात. बास, ठरलं. पाहुण्यांना पुन्हा कुणी विचारलं नाही. सोन्याबद्दल खोदून विचारणं बरं दिसत नाही, असं सगळ्यांनाच वाटलं असेल.

आमच्यात हळदीच्या दिवशी बायका सासूला विचारतात, सून काय घेऊन आली. सासूने ते सगळ्यांसमोर सांगायचं असतं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "वीस तोळं. मोजून वीस तोळं सोनं हाय माझ्या सुनेच्या अंगावर." एक म्हातारी म्हणाली, "सून आनली का सोनाराचं दुकान आनलंस गो?" सगळ्या हसल्या. सासू वर्षभर त्या हसण्यावर जगली. मासळी बाजारात गिऱ्हाईक भावावरून हुज्जत घालायला लागलं, की ती सुनेचं सोनं मध्ये आणायची.

जाऊ मला चेची म्हणायची. तिच्या भाषेत मोठी बहीण. ड्यूटीवरून आली की माझ्या पाठीवरचे वळ बघून त्यांना मलम लावायची. एकदा म्हणाली, "चेची, इसका फोटो निकालके रखो." मी लाजून पदर ओढून घेतला.

दीर लग्नानंतर दुबईला गेला, बंदरातल्या लहान बोटींवर. परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तारोडीच्या एका माणसाच्या मोठ्या बोटीत भागीदारी घ्यायची. त्यासाठी बायकोचं सोनं मोडायचं. ती म्हणाली, माझ्या आईवडिलांनी मला घातलंय, मी ते मोडणार नाही. दोन दिवस त्यांच्या खोलीतून आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी तिची उजवी भुवई सुजलेली होती आणि ती म्हणाली, निदान वजन करून बघूया. सासूने मला त्यांच्याबरोबर पाठवलं. मी बोलत नाही आणि सगळं बघते, म्हणून.

आम्ही रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला केबिन रोडवर गेलो, सासूच्या ओळखीच्या दुकानात. शेठ बाहेर गेला होता, त्याचा माणूस काट्यावर होता. जावेने एकेक करून सगळं उतरवलं. नाण्यांची लांब माळ, बांगड्या, कानातले मोठे झुमके, पैंजणासारखी जाड साखळी. सगळं एका ताटलीत. काट्यावर आकडे थांबले. एकशे एकोणसाठ, मग टिंब, मग सहा. तो माणूस म्हणाला, सोळा तोळे समजा.

दीर म्हणाला, "बीस है."

"काटा सामने है भाई. सोला है."

दिराने बायकोकडे बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, बरोबर आहे, एक पवन आठ ग्रॅमचं, वीस आठे एकशे साठ. थोडं झिजलं असेल. तो तिचं ऐकत नव्हता. त्याने खिशातून फोन काढला आणि त्या माणसाला म्हणाला, तोळा दहा ग्रॅमचा नसतोच, मी दुबईत दहा तोळ्यांचं बिस्कीट हातात घेतलंय, त्यावर एकशे सोळा पॉइंट चौसष्ट लिहिलेलं होतं. तो माणूस म्हणाला, तो जुना तोळा, पावणेबारा ग्रॅमच्या जरा आतला. इथे आता सगळे दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. पण दिराला जो तोळा दुबईत छापलेला दिसला तोच खरा. त्याने फोनवर भागाकार केला आणि स्क्रीन बायकोच्या डोळ्यांसमोर धरली. तेरा पॉइंट अडुसष्ट.

मला तेव्हा एवढंच कळलं, की ताटलीतलं सोनं हललं नव्हतं आणि तरी ते विसाचं सोळा आणि सोळाचं पावणेचौदाच्याही आत आलं होतं.

मग त्याने दुकानाचा भाव विचारला. फोनवर डॉलरचा औंसाचा भाव बघून पुन्हा भागाकार केला आणि म्हणाला, तुम्ही ग्रॅममागे लुटताय. ताटली उचलून सगळं पिशवीत ओतलं. जावेने झुमके आणि बांगड्या मागून घेतल्या आणि चालता चालता पुन्हा अंगावर चढवल्या. पुलाच्या पायऱ्यांवर त्याने तिला मागून दंडाला धरलं आणि कठड्यावर आपटलं. लोक थांबले. एका बाईने "अरे अरे" केलं. तो म्हणाला, घरचा मामला आहे. लोक चालू लागले.

घरी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की सहा तोळ्यांहून जास्त सोनं गायब आहे. ती बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेव्हा भावाला देऊन आली. सासूने आधी डोक्याला हात लावला. मग उठून जावेचे केस धरले. पुढे काय झालं ते मी लिहिते, कारण ते मी बघितलं. दिराने तिला पोटात लाथ मारली. ती वाकली तेव्हा सासूने तिच्या पाठीत कोपर घातलं. माझा नवरा दारात उभा राहिला, कुणी आत येऊ नये म्हणून. तिचा ओठ फाटला. ती जमिनीवर बसून हाताची बोटं वर करून सांगत होती, आठ, आठ, हिंदीत, मग मराठीत, मग तिच्या भाषेत. "एक पवन आठ ग्राम, अम्मा. किसी से भी पूछो."

सासू म्हणाली, "आमाला मोजायला शिकवतीस? चाळीस वर्सं तराजू धरलाय मी."

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. आठ विसे एकशे साठ, हे मलाही येत होतं. तोंडातून आवाज निघाला नाही. नवऱ्याने माझ्याकडे वळून बघितलं आणि मी चुलीकडे सरकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू स्वतः दुकानात गेली. तिचा पोरावरही विश्वास नव्हता. मला बरोबर नेलं. तिथे शेठ होता. सासूने सोन्याची गोष्ट सरळ सांगितली नाही. ओळखीतल्या एका बाईचं आहे म्हणाली. शेठ हसला. म्हणाला, "बेन, केरलवालों का पवन आठ ग्राम का ही होता है. वो लोग भाव भी पवन का बोलते हैं." सासूने विचारलं, कशावरून? त्याने बोर्डाकडे बोट केलं. तिथे बावीस कॅरेटचा दहा ग्रॅमचा भाव लिहिला होता. तो म्हणाला, याचे दहा भाग करा आणि त्यातले आठ घ्या, तो झाला एका पवनाचा भाव. मग त्याने आपल्या फोनवर केरळच्या एका दुकानाचा त्या दिवशीचा पवनाचा भाव काढून दाखवला. तोही बावीस कॅरेटचा. म्हणाला, चोवीसशी बावीस लावलं तर हिशोब चुकेल, सारख्याशी सारखं लावायचं. दोन आकडे जवळजवळ जुळत होते, गावागावात असतो तेवढाच फरक. सासूला आकडे वाचता येत नाहीत, पण शेठने आठ बोटं वर केली आणि दोन मिटली, ते तिला कळलं.

तिने औंसाचंही विचारलं, कारण पोरगा सारखा औंस औंस करत होता. शेठ म्हणाला, सोन्याचा औंस एकतीस ग्रॅम आणि वर थोडा. फोनवर नुसता औंस टाकला तर अठ्ठावीसचा येतो, तो किराणा मालाचा. त्याने भागलं की ग्रॅमचा भाव फुगून दिसतो आणि लोक आमच्याशी भांडायला येतात.

पुलावरून परत येताना सासू बोटं मुडपून पुन्हा पुन्हा आठ मोजत होती. मला वाटलं, आता ती घरी जाऊन सुनेच्या पुढ्यात बसेल आणि चुकलं म्हणेल. माझ्या मनात इतकं हलकं वाटत होतं, की मी तिच्या पुढे पुढे चालत होते.

घरात शिरल्या शिरल्या तिने चप्पल काढली आणि तीच चप्पल जावेच्या तोंडावर मारली. म्हणाली, "चोरी न्हाय केलीस तू. तुज्या बापानं केली. वीस बोलला आन सोळा घातलं. माज्या तोंडून चार गावात वीस वदवलं."

जाऊ म्हणाली, माझ्या वडिलांनी वीस पवन म्हटलं आणि वीसच घातले. तोळा हा शब्द त्यांनी काढला नव्हता. मामाने काढला होता. खरं होतं. पण मामा सासूचा भाऊ होता.

मग आई आणि मुलगा यांच्यात वेगळंच सुरू झालं. किती मागायचं यावरून. सासू म्हणे, चार तोळे कमी आहेत, चार तोळे मागू. म्हणजे चाळीस ग्रॅम. दीर म्हणे, दहा ग्रॅमचा तोळा बनियांचा, खऱ्या तोळ्याने वीस म्हणजे दोनशे तेहतीस ग्रॅम. त्यातून एकशे साठ वजा कर. त्र्याहत्तरच्या वर येतात. जाऊ मधल्या खोलीत जमिनीवर बसली होती आणि ते दोघे तिच्या डोक्यावरून हिशोब करत होते. मासळीच्या लिलावात बोली लावतात तसं. माझा नवरा म्हणाला, त्र्याहत्तरच माग, घासाघीस होऊन पन्नासवर येईल. त्यावर ते तिघे हसले.

दिराने जावेच्या वडिलांना फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता. तो म्हणाला, तुम्ही फसवलंत, अडीच औंस सोनं राहिलंय, आठ दिवसांत पाठवा, नाहीतर मुलीला घेऊन जा. औंसाने सांगितलं की भीती जास्त वाटते, असं त्याला वाटत असावं. ते अडीच औंसही त्या किराणाच्या औंसाने काढलेले होते, सोन्याच्या औंसाने अडीचही भरत नव्हते. पलीकडून म्हातारा माणूस शांतपणे म्हणाला, बेटा, आमच्याकडे लहान मुलालाही माहीत आहे, पवन आठ ग्रॅमचं असतं. माझ्या मुलीला फोन द्या.

दिराने फोन भिंतीवर फेकला. मग जावेच्या अंगावर गेला. बांगड्या काढ म्हणाला. तिने दोन्ही हात काखेत घट्ट धरले. त्याने एक हात ओढून काढला, बांगड्या मनगटावरून निघेनात, कातडी सोलली गेली. मग त्याने झुमक्याला हात घातला. डाव्या कानातला झुमका त्याने ओढला तेव्हा कानाची पाळी खालपर्यंत फाटली. ती ओरडली नाही, श्वास आत ओढल्यासारखा आवाज झाला. रक्त मानेवरून ब्लाउजमध्ये उतरलं. त्याने दुसऱ्या कानाकडे हात नेला. सासू म्हणत होती, "हळू, मुडपंल तो."

मला आधी वाटलं, ती सुनेच्या कानाबद्दल बोलतेय. ती झुमक्याबद्दल बोलत होती.

माझ्या हाताशी सासूची बाजाराची पाटी होती. त्यात लोखंडी वजनं होती. मी किलोचं वजन उचललं आणि दिराच्या हातावर मारलं. एकदा नाही. पहिल्यांदा मनगटावर बसलं, त्याने हात मागे घेऊन दारच्या चौकटीवर टेकवला, तेव्हा मी तिथे, बोटांवर मारलं. हाड मोडल्याचा आवाज कोंबडीचं तंगडं तोडताना येतो तसाच असतो. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. माझा नवरा माझ्याकडे आला. मी वजन खाली ठेवलं नाही. तो थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो माझ्यासमोर पहिल्यांदा थांबला.

जावेला मी दाराबाहेर काढलं. सोन्याची पिशवी कपाटावर होती, खाली पडलेला झुमका तिच्यात टाकून ती जावेच्या हातात दिली. तिने एका हाताने कान दाबून धरला होता. गल्लीत बायका जमल्या होत्या. त्याच, हळदीला हसलेल्या. त्यांनी वाट दिली.

तिने फोन केल्यावर तिच्या इस्पितळातल्या तीन नर्सबाया रिक्षाने आल्या. इस्पितळात नेऊन कानाला टाके घातले आणि तिथून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. आमच्या आधीच सासू, नवरा आणि हाताला फडकं गुंडाळलेला दीर तिथे येऊन बसले होते. दिराने सांगितलं होतं, की बायकोने घरातलं सोनं चोरून माहेरी पाठवलं, पकडल्यावर दोन्ही जावांनी मिळून त्याला मारलं. वीस तोळे सोनं आणलं होतं, हळदीला सगळ्या गावाने ऐकलं आहे, पिशवीत आता सोळाच आहे. साक्षीला माणसं आहेत. ऐकायला ते अगदी खरं वाटत होतं. तसं लिहिलं गेलं असतं, तर जाऊ चोर ठरली असती आणि तिचं सोनं चौकशी होईपर्यंत कुणाच्या ताब्यात राहिलं असतं, देवाला माहीत.

लिहून घेणाऱ्या पोलीसबाईने जावेला विचारलं. मारामुळे सुजलेला जबडा तिला उघडता येत नव्हता. मग बाई माझ्याकडे वळली. म्हणाली, तुम्ही दुकानात होतात ना? सोनं किती होतं?

नवरा माझ्या खुर्चीच्या मागे उभा होता. त्याने माझ्या मानेवर हात ठेवला. बाहेरून बघणाऱ्याला तो मला धीर देतोय असं वाटलं असतं. त्याचा अंगठा माझ्या मणक्यात रुतला होता.

सासू म्हणाली, "तिला काय इचारताव. चौथी शिकलीय ती. वीस तोळं लिवा."

मी टेबलाकडे बघत म्हणाले, "एकशे एकोणसाठ ग्रॅम आणि वर सहा. मी काट्यावर बघितलंय."

"तोळ्यात सांगा ना, ताई. किती तोळे?"

"तोळ्यात नको. यांच्या घरात तोळे दोन प्रकारचे आहेत. तिच्या वडिलांनी वीस पवन घातलं, पवन आठ ग्रॅमचं. एकशे साठ. लग्नाच्या दिवशी तेवढंच होतं आणि आजही तेवढंच आहे. ग्रॅमच लिहा."

बाईने पेन थांबवलं. मग आठाला विसाने गुणून कडेला एकशे साठ लिहिलं, पिशवी टेबलावर घ्यायला सांगितली आणि दिराला विचारलं, की लग्नाआधी कुणी तोळा हा शब्द वापरला होता का, मुलीच्या वडिलांनी? दीर सासूकडे बघायला लागला. सासू तिच्या भावाकडे बघायला लागली असती, पण तो आला नव्हता. बाईने जावेची तक्रार माझ्या तोंडून लिहून घेतली, सोनं ग्रॅममध्ये लिहिलं आणि पिशवी जावेच्या मांडीवर ठेवली. खाली मी सही केली. माझी सही मला लग्नाच्या दाखल्यानंतर पहिल्यांदा दिसली.

मी उठले तेव्हा मानेवरचा हात निघालेला होता. नवरा बाहेर टेम्पोजवळ उभा होता, दार उघडं ठेवून, मी येऊन बसेन म्हणून. तो माझ्याकडे बघतही नव्हता. सवयच होती तशी. मी टेम्पोवरून पुढे गेले आणि रिक्षात शिरले. आत आधीच चौघी होत्या. रिक्षावाला म्हणाला, पाच नहीं चलेगा. एक नर्स उतरली आणि म्हणाली, मैं बस से आती हूँ.

जावेने पिशवी दोन्ही गुडघ्यांत धरली होती. टाक्यांच्या बाजूची मान तिला वळवता येत नव्हती, म्हणून तिने नुसता माझा हात शोधला. मागून टेम्पोचा हॉर्न वाजत होता, लांब, न थांबता. रिक्षा वळेपर्यंत तो ऐकू येत राहिला.